तपासणीच्या तारखा आणि महिनाअखेरीचं क्लोजिंग

*ताई, मला चौदावा आठवडा चालू आहे. एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आम्ही चौघं आणि वर मॅडम आहोत. मी व्हेंडरची बिलं तपासते आणि बँकेतली पेमेंट मंजूर करते. वेळ नऊ ते सहा. महिन्याचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पहिले चार दिवस क्लोजिंगचे, तेव्हा कुणालाच रजा मिळत नाही. आतापर्यंत दोन तपासण्यांसाठी अर्धी रजा घेतली, दोन्ही वेळा ऐन वेळी. दुसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, "हे असं अजून किती वेळा होणार आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना बातमी माहीत आहे आणि त्या माझ्याशी वाईट वागलेल्या नाहीत. पण दर वेळी परवानगी मागताना काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. वेळेची सवलत मागायची आहे, पण "मग कामाचं काय" असं विचारलं तर काय सांगू?*

मॅडमच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आकड्यात देता येतं: साधारण बारा वेळा. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर बहुतेक ठिकाणी अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, तिथून छत्तिसाव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि मग प्रसूतीपर्यंत दर आठवड्याला बोलावतात. तुमच्या हिशेबाने पुढच्या तपासण्या येतात १६, २०, २४ आणि २८व्या आठवड्यात; मग ३०, ३२, ३४ आणि ३६व्या; मग ३७, ३८, ३९ आणि ४०व्या. चार, चार आणि चार. बाळंतपणाची रजा आधी सुरू केलीत तर शेवटच्या चारमधल्या काही ऑफिसच्या हिशेबातून आपोआप गळतील. काही डॉक्टर यापेक्षा कमी वेळा बोलावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये संपूर्ण गरोदरपणात किमान आठ भेटींची शिफारस केली आहे. तेव्हा पहिलं काम हे की पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तुमचं स्वतःचं वेळापत्रक आठवड्यांसकट लिहून घ्या. तारखा पक्क्या नसल्या तरी चालेल, आठवडे कळले तरी पुरे.

मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात काम केलं. तपासणीला जायला कुणाला सरळ 'नाही' म्हटल्याचं मी फार क्वचित पाहिलं. कुरबुर व्हायची ती ऐन वेळी कळण्यावरून. वरिष्ठाच्या डोक्यात 'कधीही, कितीही वेळा' असं चित्र तयार झालं की दोन तासांची गैरहजेरीसुद्धा मोठी वाटते. म्हणून तुम्ही 'वेळेत थोडी सवलत मिळेल का' असं मोघम मागू नका. मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळतं, 'बघू', आणि मग दर वेळी नव्याने परवानगी मागणं तुमच्या वाट्याला येतं. एकदाच मागा, सगळ्या बारा भेटींसाठी मागा आणि तारखांसकट मागा.

आता या भेटींना खरोखर किती वेळ लागतो ते पाहू, कारण इथे तुमच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. साध्या भेटीत वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी, पोटाची वाढ आणि बाळाचे ठोके एवढंच पाहतात. हे सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत होतं. वेळ खाते ती रांग. दिवसाची पहिली वेळ मिळाली तर रांग साठलेलीच नसते. दुपारी अकरा-बाराला गेलात तर आधीच्या प्रत्येक पेशंटचा उशीर तुमच्या माथी येतो. सकाळची पहिली वेळ घेऊन तुम्ही अकराला ऑफिसात पोहोचू शकत असाल, तर एका साध्या भेटीचे ऑफिसचे दोनच तास जातात.

दोन भेटी मात्र लांबतात, आणि त्या आधीच वेगळ्या काढून ठेवा. एक म्हणजे ॲनोमली स्कॅन, बाळाचे अवयव नीट तयार होताहेत का ते पाहणारी सोनोग्राफी. ती साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात. बाळ हव्या त्या स्थितीत नसेल तर 'थोडं फिरून या' म्हणून बाहेर पाठवतात आणि पुन्हा बोलावतात, त्यामुळे ती नेमकी किती वेळ चालेल ते सांगता येत नाही. दुसरी ग्लुकोजची तपासणी, २४ ते २८ आठवड्यांतली. तिची सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी: उपाशीपोटी रक्त देतात, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पितात, मग एका तासाने आणि दोन तासांनी पुन्हा रक्त देतात. मधल्या वेळात खायचं नाही, तिथेच बसून राहायचं. अडीच-तीन तास सहज जातात, आणि काही जणींना त्यानंतर मळमळतं किंवा गरगरतं. त्या दिवशी 'अकरापर्यंत येते' असं सांगू नका. या दोन्ही दिवशी अर्धी रजाच धरा.

हिशेब असा होतो. दहा साध्या भेटींचे दोन-दोन तास म्हणजे वीस. दोन लांब भेटींचे चार-चार म्हणजे आठ. एकूण अठ्ठावीस तास, आठ तासांच्या दिवसाने साडेतीन दिवस, आणि तेही सहा महिन्यांत पसरलेले. आता जसं करताय तसं प्रत्येक भेटीला अर्धी रजा घेत राहिलात तर अठ्ठेचाळीस तास, म्हणजे सहा दिवस जातील. उशिरा येण्याची मुभा दिली तर कंपनीचे अडीच दिवस वाचतात आणि तुमची रजाही वाचते. हे मॅडमना असंच सांगा. ही सवलत दोघांच्याही फायद्याची आहे, आणि आकडा समोर असला की मागताना तुमचाही आवाज दबणार नाही. घरातून निघाल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत तुम्हाला स्वतःला किती वेळ लागतो ते मात्र पुढच्या भेटीला घड्याळ लावून बघा आणि माझ्या दोन तासांच्या जागी तुमचा आकडा घाला. तो अडीच निघाला तर अडीच लिहा. कमी सांगून रोज धावत पोहोचण्यापेक्षा जास्त सांगून वेळेत पोहोचणं बरं.

आता क्लोजिंग. इथे एक गोष्ट आहे जी कॅलेंडर उघडून बसल्याशिवाय लक्षात येत नाही. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि महिना तीस-एकतीस दिवसांचा. त्यामुळे दर चार आठवड्यांची भेट प्रत्येक महिन्यात दोन-तीन दिवस अलीकडे सरकत येते. समजा तुमची सोळाव्या आठवड्याची भेट १२ तारखेला आहे. तो महिना एकतीस दिवसांचा असेल तर विसाव्या आठवड्याची भेट ९ तारखेला येते. तो पुढचा महिना तीस दिवसांचा असेल तर चोविसाव्या आठवड्याची ७ तारखेला. त्यानंतरचा एकतीसचा असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याची थेट ४ तारखेला, म्हणजे तुमच्या क्लोजिंगच्या शेवटच्या दिवशी. आज क्लोजिंगपासून लांब असलेली तारीख तीन महिन्यांत तुम्ही काहीही न करता त्यात घुसते. अशा वेळी 'आधी कसं जमत होतं?' असं कुणी विचारलं तर उत्तर सुचत नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण तो आताच करायचा. साध्या भेटीला सहसा दोन-तीन दिवसांची लवचीकता असते. डॉक्टरांना विचारून अठ्ठाविसाव्या आठवड्याची भेट ४ ऐवजी ७ तारखेला घ्या. दोन्ही मोठ्या तपासण्यांना तर चार-चार आठवड्यांची मुभा आहे. वरच्या उदाहरणात ॲनोमली स्कॅन विसाव्या आठवड्याच्या भेटीला जोडून ९ तारखेला घेता येईल, आणि ग्लुकोजची तपासणी अठ्ठाविसाव्याला न ठेवता चोविसाव्या आठवड्याच्या भेटीबरोबर ७ तारखेला. दोन्ही क्लोजिंगच्या बाहेर, आणि दोन जादा फेऱ्याही वाचल्या. डॉक्टरांनी एखादी तारीख वैद्यकीय कारणाने पक्की सांगितली तर मात्र ती हलवायची नाही, क्लोजिंग असो वा नसो. कुठली भेट हलते आणि कुठली हलत नाही हे डॉक्टर ठरवतील. मॅडमशी बोलताना तुम्ही ठरवू नका आणि त्यांनाही ठरवू देऊ नका.

तिसाव्या आठवड्यापासून पुढे हे टाळणं अवघड होत जातं. दर दोन आठवड्यांच्या भेटी अजून कशाबशा बसवता येतात: ७ तारखेनंतर २१, तो महिना तीस दिवसांचा असेल तर पुढच्या महिन्यात ५, मग १९. त्याच्या पुढची मात्र २ किंवा ३ तारखेला येते. छत्तिसाव्या आठवड्यानंतर तर भेटी दर आठवड्याला आणि क्लोजिंग सहा दिवसांचं, म्हणजे महिनाअखेरीला एखादी भेट बहुधा त्यात सापडणारच. तिथे 'मी क्लोजिंग सांभाळून जाईन' असं वचन देऊ नका, ते पाळणं फार अवघड आहे. त्याऐवजी मॅडमना आजच सांगा की छत्तिसाव्या आठवड्याच्या आधीचं शेवटचं क्लोजिंग तुम्ही दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून कराल आणि पुढचं त्या व्यक्तीच्या हातात असेल, तुम्ही हजर असलात तर मदतीला. नाहीतरी तुमच्या बाळंतपणाच्या रजेत ते कुणीतरी करणारच आहे. तपासण्यांच्या निमित्ताने ती तयारी आधी होते, आणि कुठल्याही विभागप्रमुखाला याच्याएवढा दिलासा दुसऱ्या कशाने मिळत नाही.

'मग कामाचं काय' या प्रश्नाचं उत्तर देताना 'कामावर काहीही परिणाम होणार नाही' हे वाक्य टाळा. ते खरं नाही आणि मॅडमना ते माहीत आहे. तुमच्या कामातलं नेमकं काय सकाळी नऊ ते अकरामध्ये अडतं तेवढं पाहा. बिलं तपासणं अडत नाही. ती अकरानंतरही तपासता येतात. व्हेंडरचे फोन आणि मेल अडत नाहीत, फक्त ते तुमच्या एकटीच्या इनबॉक्समध्ये न येता विभागाच्या सामायिक पत्त्यावर यायला हवेत, म्हणजे कुणालाही दिसतील. अडतं ते एकच: पेमेंटची मंजुरी. एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ही मेकर-चेकरची रीत तुमच्याकडे असणार. चेकर तुम्ही. सकाळच्या बॅचला तुम्ही नसाल तर पैसे जात नाहीत आणि फोन मॅडमना येतात. त्यांच्या त्या प्रश्नामागे बहुधा हेच असेल.

यावर दोन मार्ग आहेत, आणि मला दोन्ही लागतील असं वाटतं. पहिला लगेच करता येण्यासारखा: भेटीच्या दिवशी सकाळची बॅच साडेअकराला लावायची. बँकेच्या त्या दिवसाच्या अखेरच्या वेळेआधी ती बसत असेल तर व्हेंडरला काही फरक पडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पर्यायी चेकर. त्याला वेळ लागतो. बँकेत नव्या व्यक्तीला मंजुरीचे अधिकार द्यायचे तर कंपनीकडून पत्र, ओळखीची कागदपत्रं, नवा युजर आयडी, टोकन, हे सगळं लागतं, आणि त्यात काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणून ही मागणी तुमच्या अर्जाबरोबरच गेली पाहिजे, तिसाव्या आठवड्यात नव्हे. एंट्री करणाऱ्या सहकाऱ्यालाच मंजुरीचे अधिकार देऊ नका, त्याने मेकर-चेकरचा अर्थच संपतो आणि ऑडिटमध्ये ते पहिलं सापडतं. तिसरं कुणी तरी हवं.

आणि एक कळकळीची विनंती. 'तेवढ्यापुरता तुझा पासवर्ड देऊन ठेव' किंवा 'ओटीपी फोनवर सांग' असं कुणी म्हणेल, चांगल्या मनाने म्हणेल, आणि दवाखान्याच्या रांगेत बसल्यावर ते सोपंही वाटेल. करू नका. त्या मंजुरीवर नाव तुमचं राहतं. सहा महिन्यांनी एखादं पेमेंट चुकीच्या खात्यात गेल्याचं निघालं तर ते तुम्ही केलेलं ठरेल, आणि तेव्हा तुम्ही कदाचित रजेवर असाल. 'मी दवाखान्यातून लॅपटॉपवर करेन' असंही कबूल करू नका. एकदा केलंत की ती तुमच्या भेटीची अट होऊन बसते.

पर्यायी चेकर म्हणून कुणाचं नाव सुचवायचं ठरलं तर मॅडमकडे जाण्याआधी त्या व्यक्तीशी बोला. किती दिवस, किती वेळ, नेमकं काय, हे सांगा: महिन्यात एक-दोन सकाळी, एक बॅच, अर्धा तास. आणि तुम्ही त्यांच्यासाठी काय कराल तेही सांगा, उदाहरणार्थ त्यांची एखादी किचकट ताळेबंद-जुळवणी तुम्ही दर महिन्याला घ्याल. ही देवाणघेवाण पहिल्या सहा भेटींपर्यंत ठीक चालते. त्यानंतर तुम्हालाच दमायला होईल, म्हणून तिची मुदत आधीच सांगून ठेवा. एकाच सहकाऱ्यावर सगळं टाकलं तर तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण ते साठत जातं.

गेलेले तास भरून देण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत, तुम्हाला बरं वाटत असेल तर, भेटीच्या दिवशी किंवा त्या आठवड्यात थोडं थोडं जास्त थांबण्याची तयारी दाखवा. या टप्प्यात चारच भेटी आहेत, आणि लांब भेटींचे तास रजेत जाणार असल्याने भरून द्यायचे तास चारच उरतात. अठ्ठाविसाव्यानंतर हे कबूल करू नका. पाय सुजतात, झोप तुटते, आणि भेटी नेमक्या तेव्हाच वाढतात. त्या टप्प्यातले तास वैद्यकीय रजेत किंवा तपासणीसाठी मिळणाऱ्या वेळेत धरावेत असं अर्जातच लिहा. तुमच्या कंपनीच्या सेवाशर्ती आणि तुमच्या देशाचा मातृत्व कायदा त्याआधी वाचा. बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या वेळेचा पगार कापता येत नाही, आणि तसं असेल तर भरून देण्याचा प्रश्नच उरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०००च्या मातृत्व संरक्षण शिफारशीत, मालकाला कळवून गरोदरपणाच्या तपासणीसाठी कामावरून जाण्याचा स्त्रीला हक्क असावा, असं म्हटलं आहे. ती शिफारस आहे, बंधनकारक कायदा नाही, म्हणून मॅडमपुढे तिचा दाखला देऊन बोलण्याची गरज नाही. पण तुम्हाला जे चोरल्यासारखं वाटतं त्यासाठी ती माहीत असू द्या. तुम्ही जे मागताय ते जगभरात रास्त मानलं गेलेलं आहे.

आधी समोरासमोर बोला, क्लोजिंगच्या सहा दिवसांत नाही, आणि त्याच संध्याकाळी मेल पाठवा. बोलताना पहिलं वाक्य त्यांच्याच प्रश्नाला धरून घ्या: "मॅडम, तुम्ही मागे विचारलं होतं किती वेळा, ते मी काढून आणलंय." मेल साधारण असा असावा:

> विषय: तपासणीच्या दिवशी उशिरा येण्याबाबत
>
> मॅडम,
> आज बोलल्याप्रमाणे तपशील पाठवत आहे.
>
> रजेवर जाईपर्यंत माझ्या अंदाजे बारा तपासण्या आहेत. त्यांपैकी दहा दिवशी मी अकरापर्यंत ऑफिसात येईन. उरलेल्या दोन तपासण्यांना जास्त वेळ लागतो, त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा घेईन. तारखांचा तक्ता सोबत आहे. पहिल्या चार तारखा क्लोजिंगच्या बाहेर घेतल्या आहेत. त्यापुढच्या तारखा दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत पुढच्या महिन्यासाठी कळवेन.
>
> त्या दिवशी सकाळची पेमेंट बॅच साडेअकराला लावावी. पर्यायी चेकरसाठी बँकेत अर्ज करावा अशी विनंती आहे. सहकाऱ्यांशी बोलणं झालं आहे, नाव तुम्ही ठरवावं. व्हेंडरचे मेल सामायिक पत्त्यावर येतील अशी व्यवस्था या आठवड्यात करते.
>
> २८व्या आठवड्यापर्यंत उशिरा आल्याचे तास त्याच आठवड्यात भरून देईन. त्यानंतरचे तास सेवाशर्तींप्रमाणे रजेत धरावेत. ३६व्या आठवड्याआधीच्या शेवटच्या क्लोजिंगला पर्यायी व्यक्तीला सोबत घेऊन सगळं काम समजावून देईन.
>
> डॉक्टरांनी भेटी वाढवल्या तर त्याच दिवशी कळवेन. तातडीने जावं लागलं तर तुम्हाला एक मेसेज करून निघेन.
>
> ही व्यवस्था २८व्या आठवड्यात आपण एकदा पुन्हा पाहू.

यात काय नाही तेही पाहा. रक्तदाब किती, स्कॅनमध्ये काय आलं, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काहीच नाही. पुरावा मागितला तर भेटीची चिठ्ठी दाखवा, रिपोर्ट दाखवायचं कारण नाही. सामायिक कॅलेंडरमध्येही 'सोनोग्राफी' असं न लिहिता 'बाहेर, ११ पर्यंत' एवढंच लिहा. आज सगळं छान चाललेलं असताना हे अनावश्यक वाटेल. पण एखादा रिपोर्ट मनासारखा आला नाही तर त्या दिवशी चार जणांना समजावत बसावं लागू नये, यासाठी सवय सुरुवातीपासून असावी.

भेटी वाढतील हे वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. ग्लुकोजची तपासणी वर आली किंवा रक्तदाब चढला तर डॉक्टर दर आठवड्याला, कधी आठवड्यातून दोनदा बोलावतात. बाळाच्या ठोक्यांची नोंद घ्यायला अर्धा-पाऊण तास लागतो. मग बाराचा आकडा मोडतो. तेव्हा जुन्या तक्त्यात ओढाताण करत राहू नका. डॉक्टरांकडून 'अमुक तारखेपर्यंत आठवड्याला इतक्या भेटी' अशी दोन ओळींची चिठ्ठी घ्या आणि नवा तक्ता द्या. पर्यायी चेकर तोपर्यंत तयार असेल तर हा बदल मॅडमना जड जाणार नाही; नसेल तर सगळं कोलमडेल. म्हणून बँकेचा अर्ज गेला का, हे दर आठवड्याला विचारत राहा. या सगळ्यात मागे पडण्याची शक्यता असलेली गोष्ट तीच आहे.

मॅडम कदाचित म्हणतील, "सुट्टीच्या दिवशीच्या वेळा घे ना." तुमचे डॉक्टर त्या दिवशी बसत असतील तर साध्या भेटींसाठी जरूर घ्या. स्कॅनच्या आणि लॅबच्या वेळा तुमच्या हातात नसतात, हे शांतपणे सांगा. त्या 'बघू' म्हणाल्या तर पूर्ण मंजुरीचा आग्रह न धरता 'अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंतच्या चार भेटी एवढं तरी आज ठरवूया' असं म्हणा. चारही भेटी ठरल्याप्रमाणे पार पडल्या की उरलेल्यांवर वाद राहत नाही. आणि स्पष्ट नकार आला तर तो मेलवर मागून घ्या आणि मनुष्यबळ विभागाकडे हाच मेल, हाच तक्ता घेऊन जा. तिथे तुम्हाला नव्याने काही लिहावं लागणार नाही.

तातडीने निघण्याचं वाक्य कुणी खोडायला सांगितलं तरी खोडू नका. रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, पोटात सतत कळा, यांपैकी काहीही झालं तर क्लोजिंगचा शेवटचा तास असला तरी परवानगीची वाट पाहायची नाही. पेमेंट स्क्रीनवर अर्धवट असेल तर तसंच सोडून लॉग-आउट करा, मेसेज करा आणि निघा. शेजारी बसणाऱ्या एका सहकाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, त्यांच्याकडे डॉक्टरांचा आणि घरचा नंबर असू द्या.

मॅडमशी बोलण्याआधी दवाखान्यात फोन करून सोळाव्या आठवड्याच्या भेटीसाठी दिवसाची पहिली वेळ मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर पुढच्या तीन भेटींसाठी आताच नाव लावा. पहिल्या वेळा फार आधी भरतात, आणि वरचा सगळा हिशेब त्या वेळेवर उभा आहे.